ऐकणाऱ्यासाठी केस: सकाळच्या बैठकीतली दोन मिनिटं

मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात रोज सकाळी एक छोटी बैठक होते. रात्रपाळी केलेले निवासी डॉक्टर रात्री दाखल झालेल्या रुग्णांची माहिती युनिटप्रमुखांना आणि दिवसपाळीच्या सहकाऱ्यांना देतात. पावसाळ्यात एका रात्रीत बारा-पंधरा नवे रुग्ण येऊ शकतात. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तरी त्यात अर्धा तास जातो. त्यानंतर राउंड, ओपीडी आणि तपासण्या वाट पाहत असतात, म्हणून दोन मिनिटांची मर्यादा पाळावीच लागते.

बोलण्याच्या सावकाश, स्पष्ट वेगात दोन मिनिटांत साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मराठी शब्द बसतात. गंभीर रुग्णाचा आजार, त्याची आताची अवस्था, झालेले उपचार आणि पुढची कामं एवढ्या शब्दांत सांगता येतात. मात्र त्यासाठी ती माहिती ऐकणाऱ्याला सोयीच्या क्रमाने लावावी लागते. केसपेपर हातात धरून वरून खाली वाचत गेलं तर तेवढीच मिनिटं खर्च होतात, पण रुग्णाचं चित्र समोर उभं राहत नाही.

कागदाचा क्रम आणि कानाचा क्रम

केसपेपरचा क्रम ठरलेला असतो. नाव-गाव, तक्रारी, आजाराचा इतिहास, पूर्वीचे आजार, कौटुंबिक इतिहास, सवयी, शारीरिक तपासणी, चाचण्या, निदान आणि शेवटी उपचार. कागदावर हा क्रम उपयोगी आहे. प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असल्यामुळे कोणीही पान उलटून हवी ती नोंद शोधू शकतो. वाचणारा मागे जातो, दोन आकडे शेजारी ठेवून पाहतो, नको तो भाग गाळतो.

ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. वाक्य एकदा कानावरून गेलं की गेलं. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार माणूस एका वेळी सुमारे चारच सुट्या गोष्टी ध्यानात धरू शकतो. आजार कोणता हे शेवटी सांगितलं, तर तोपर्यंतची प्रत्येक नोंद ऐकणाऱ्याला सुटी धरून ठेवावी लागते. चारपेक्षा जास्त झाल्या की आधीच्या निसटतात. आजार आधी कळला, तर पुढची प्रत्येक नोंद आपोआप आपल्या जागी बसते. ‘डेंगी’ हा शब्द आधी ऐकलेल्या डॉक्टरसाठी ‘काल संध्याकाळी ताप उतरला’ हे वाक्य धोक्याची सूचना असतं. तो शब्द ऐकलेला नसेल तर तेच वाक्य सुधारणेसारखं वाटतं.

म्हणून ऐकण्यासाठीची मांडणी निष्कर्षापासून सुरू होते. या विचाराची दोन रूपं वैद्यकात रुळली आहेत. एक म्हणजे ‘एसबार’: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस असा चार टप्प्यांचा क्रम. तो मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरच्या संदेशपद्धतीतून आला आणि कैसर पर्मनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेतून रुग्णालयांमध्ये पसरला. दुसरं रूप म्हणजे पाळी बदलताना वापरायचा ‘आय-पास’. त्यात रुग्ण किती गंभीर आहे हे सर्वांत आधी येतं. मग थोडक्यात इतिहास, कामांची यादी, ‘असं झालं तर काय करायचं’ याची तयारी, आणि शेवटी ऐकणाऱ्याने केलेली उजळणी.

पाच टप्पे

सकाळच्या बैठकीची संहिता या दोन्हींतून घेऊन पाच टप्प्यांत बांधता येते.

पहिला टप्पा शीर्षकाचा. बेड नंबर आणि नाव, वय, आजार, अवस्था किती गंभीर, आणि आजच्या बैठकीकडून काय हवं आहे. यातला शेवटचा भाग बहुतेक वेळा गाळला जातो आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. कोणता निर्णय घ्यायचा आहे हे कळलं की वरिष्ठ पुढची दीड मिनिटं त्याच दृष्टीने ऐकतात.

दुसरा टप्पा घटनाक्रमाचा. तो आजाराच्या दिवसांत सांगायचा, तारखांत नाही. ‘मंगळवारी ताप आला, शुक्रवारी उलट्या झाल्या’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला मनात वजाबाकी करावी लागते आणि तेवढ्यात पुढचं वाक्य सुटतं.

तिसरा टप्पा रुग्ण आला तेव्हाच्या अवस्थेचा. निदान किंवा उपचार ज्यावर ठरले, तेवढ्याच नोंदी यात येतात. चौथा टप्पा केलेल्या उपचारांचा आणि त्यांना मिळालेल्या प्रतिसादाचा, म्हणजे रुग्ण आत्ता कसा आहे याचा. पाचव्या टप्प्यात राहिलेली कामं आणि संभाव्य बिघाडांची तयारी येते. शेवटी ऐकलेलं लगेच नंतर चांगलं आठवतं, म्हणून पुढच्या बारा तासांत करायच्या गोष्टी अगदी शेवटी ठेवायच्या.

एक केस, दोन प्रकारे

उदाहरणादाखल रचलेली, पण पावसाळ्यात नेहमी दिसणाऱ्या प्रकारची एक केस घेऊ. डेंगीत धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो, तो बहुधा ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपू लागतो. ही गळती 24 ते 48 तास टिकते. रक्त घट्ट होतं, म्हणजे तांबड्या पेशींचं रक्तातलं प्रमाण सांगणारा हिमॅटोक्रिट वाढतो. वरचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, पण खालचा वर सरकतो आणि दोन्हींतलं अंतर, म्हणजे पल्स प्रेशर, कमी होत जातं. हे अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं आणि हातपाय थंड पडले की रक्ताभिसरण कोलमडू लागलं आहे, रुग्ण शॉकमध्ये आहे, असं समजतात.

केसपेपरवरून वाचलेली सुरुवात अशी असते: ‘28 वर्षांचा पुरुष, व्यवसाय सुतारकाम, माहिती स्वतः रुग्णाने दिली. पाच दिवसांपूर्वीपर्यंत ठीक होता. मग थंडी वाजून ताप आला, सोबत डोकेदुखी, डोळ्यांमागे दुखणं, अंगदुखी. खोकला नाही, जुलाब नाहीत, लघवीला जळजळ नाही. लहानपणी डाव्या हाताचं हाड मोडलं होतं. वडिलांना मधुमेह आहे. आहार मिश्र, झोप व्यवस्थित. तपासणीत रुग्ण शुद्धीवर, नाडी 118, रक्तदाब 100/80…’

इथपर्यंत पाऊण मिनिट गेलेलं असतं. ऐकणारा मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, टायफॉइड अशा शक्यता मनात ठेवून बसलेला असतो, आणि हा माणूस रात्री शॉकमध्ये होता हे अजून कोणी सांगितलेलं नसतं. 100/80 हा आकडा उच्चारला गेला तरी त्यातला धोका कानाला जाणवत नाही, कारण ‘शंभर’ हा वरचा दाब ऐकायला ठीकच वाटतो.

हीच केस ऐकण्यासाठी बांधली तर पुढीलप्रमाणे होते. संहिता बोलण्यासाठी असल्यामुळे आकडे उच्चारानुसार अक्षरांत लिहिले आहेत. बेड नंबरनंतर रुग्णाचं नावही घ्यायचं, ते इथे गाळलं आहे.

‘बेड सात. वय अठ्ठावीस, पुरुष, वजन साठ किलो. डेंगी, आजाराचा पाचवा दिवस, प्लाझ्मा गळतीमुळे शॉक. रात्री अकराला शॉकमध्ये आले. आता स्थिर आहेत, पण धोक्याचा काळ उद्या संध्याकाळपर्यंत धरायला हवा. सलाइन कधी आणि किती कमी करायचं, हा निर्णय हवा आहे.

चार दिवस ताप होता. दुसऱ्या दिवशी एनएस-वन पॉझिटिव्ह आली. काल संध्याकाळी ताप उतरला. त्यानंतर पोटात दुखू लागलं आणि चार उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी बाहेर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळालं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही.

आले तेव्हा शुद्धीवर होते, हातपाय थंड. नाडी एकशे अठरा. पल्स प्रेशर फक्त वीस, बीपी शंभर बाय ऐंशी. रक्तस्राव कुठेही नाही. हिमॅटोक्रिट तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस होता, रात्री पन्नास झाला. प्लेटलेट एक लाख दहा हजारांवरून अडतीस हजारांवर आल्या.

पहिल्या तासात सहाशे मिली रिंगर लॅक्टेट दिलं. हात गरम झाले, पल्स प्रेशर तीसवर आलं. मग वेग टप्प्याटप्प्याने कमी केला. साडेपाचपासून ताशी एकशे ऐंशी मिली चालू आहे. आत्तापर्यंत एकूण सुमारे दोन लिटर आठशे. प्लेटलेट दिलेल्या नाहीत.

सात वाजता नाडी ब्याण्णव, पल्स प्रेशर चौतीस, हिमॅटोक्रिट चव्वेचाळीस. शेवटच्या चार तासांत लघवी अडीचशे मिली. एक नवी गोष्ट: उजव्या फुप्फुसाच्या तळाशी श्वासाचा आवाज कमी झाला आहे. बाहेरून ऑक्सिजन न देता सॅच्युरेशन शहाण्णव आहे.

राहिलेली कामं तीन. दहा वाजता हिमॅटोक्रिट. छातीचा एक्स-रे. रक्तगट तपासून रक्त राखून ठेवणं.

पल्स प्रेशर पुन्हा पंचवीसच्या खाली गेलं, तर लगेच हिमॅटोक्रिट बघायचा. वाढला असेल तर सलाइन वाढवायचं. घसरला असेल तर रक्तस्राव शोधायचा. बीपी चांगलं असताना श्वासाचा वेग वाढला, तर सलाइन कमी करून कळवायचं.’

काय गाळलं, काय ठेवलं

सुतारकाम, हाताचं जुनं हाड, वडिलांचा मधुमेह आणि आहार या नोंदी संहितेत नाहीत. त्या खोट्या किंवा निरर्थक नाहीत आणि केसपेपरवर आहेतच, पण आजच्या निर्णयात त्यांचा भाग नाही. ‘खोकला नाही, जुलाब नाहीत’ ही नकारांची माळही गेली. ‘नाही’ म्हणून सांगितलेल्या मोजक्याच गोष्टी उरल्या, कारण त्यांनी निर्णय बदलला असता. रक्तस्राव असता तर रक्त द्यावं लागलं असतं. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कमजोर असतं तर एवढं सलाइन देताना हात आखडता घ्यावा लागला असता. प्लेटलेट दिलेल्या नाहीत हेही मुद्दाम सांगितलं, कारण 38,000 हा आकडा ऐकताच तो प्रश्न निघतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट देण्याची शिफारस डेंगीत केली जात नाही.

याउलट डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन केसपेपरवर कुठेतरी ‘पूर्वीचे उपचार’ या रकान्यात एका ओळीत असतं. संहितेत त्याला स्वतंत्र वाक्य मिळालं. हे वेदनाशामक पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढवतं, म्हणून डेंगीत टाळतात. रुग्णाला ते मिळालेलं आहे हे माहीत असलेला डॉक्टर हिमॅटोक्रिट घसरताच आधी पोटातल्या रक्तस्रावाचा विचार करेल.

वजनही शीर्षकातच आहे, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर चालतो. या अवस्थेत पहिल्या तासाला दर किलोमागे 5 ते 10 मिली द्रव देतात. 60 किलोंच्या रुग्णाला दिलेले 600 मिली म्हणजे किलोमागे 10, आणि सध्याचे ताशी 180 म्हणजे किलोमागे 3. वजन आधीच कानावर पडलं असेल तर वरिष्ठांना हे प्रमाण लगेच पडताळता येतं.

आकडा कानावर कसा पडतो

कागदावर पंधरा आकड्यांचा तक्ता एका नजरेत दिसतो. बोलताना एका वाक्यात तीनपेक्षा जास्त आकडे आले की ते एकमेकांत मिसळतात. म्हणून पहिला नियम, आकडा सुटा सांगायचा नाही, त्याची दिशा सांगायची. ‘हिमॅटोक्रिट पन्नास’ हे अपुरं आहे. ‘एक्केचाळीस होता, पन्नास झाला’ हे ऐकताच गळती किती झाली ते कळतं.

दुसरा नियम, अर्थ आधी आणि आकडा नंतर. रक्तदाबाचे दोन आकडे सांगून वजाबाकी ऐकणाऱ्यावर सोपवण्याऐवजी ‘पल्स प्रेशर फक्त वीस’ हे आधी येतं आणि बीपीचे आकडे त्यापाठोपाठ.

तिसरा नियम उच्चाराचा. निवासी डॉक्टर बहुधा आकडे इंग्रजीत बोलतात, आणि ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ हे गोंगाटात सारखे ऐकू येतात. औषधाच्या मात्रेत अशी गल्लत घातक ठरू शकते. अशा वेळी आकडा पुन्हा सुटा करून सांगतात: ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’. एकक, म्हणजे मिली, मिलिग्रॅम किंवा ताशी, प्रत्येक वेळी उच्चारायचं. केसपेपरवर चालणारी लघुरूपंही बोलताना सोडवून सांगायची. ‘एमएस’ हे एका विभागात हृदयाच्या झडपेचं दुखणं असतं, तर दुसऱ्यात मज्जासंस्थेचा आजार.

वाक्याची बांधणीही बदलावी लागते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्यात ‘आहे’ की ‘नाही’ हे कळेपर्यंत ऐकणारा अधांतरी राहतो. ‘मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, क्षयरोग, फिट्स यांपैकी कोणताही आजार रुग्णाला नाही’ या वाक्यात पाच आजार कानावर पडून झाल्यावर नकार येतो. ‘जुना आजार कोणताही नाही’ एवढ्यावर काम भागतं. सात-आठ शब्दांची, एकच गोष्ट सांगणारी वाक्यं ऐकायला सर्वांत सोपी जातात.

संहिता कुठे फसते

निदान आधी सांगण्यात एक खरा धोका आहे. ‘डेंगी’ म्हटल्यावर सगळे डेंगीचाच विचार करू लागतात आणि न जुळणाऱ्या खुणा नजरेआड होतात. यावर उपाय म्हणजे निदानाबरोबर त्याची खात्रीही सांगणं. वरच्या केसमध्ये चाचणी पॉझिटिव्ह आहे, हिमॅटोक्रिट चढलेला आहे आणि प्लेटलेट उतरलेल्या आहेत, म्हणून ‘डेंगी’ निःशंकपणे म्हणता येतं. चाचणी झालेली नसती तर शीर्षक ‘ताप आणि शॉक, डेंगी असावा, लेप्टोस्पायरोसिस वगळलेला नाही’ असं व्हायला हवं. निदान मुळीच नसेल तर समस्या हेच शीर्षक: ‘कारण न कळलेली बेशुद्धी, सहा तास’. न जुळणारी एखादी खूण असेल तर तिला स्वतंत्र वाक्य द्यायचं. वरच्या संहितेत फुप्फुसाची नोंद ‘एक नवी गोष्ट’ या शब्दांनी वेगळी काढली आहे ती याच कारणाने. ती गळून आलेल्या द्रवाची खूण असू शकते, आणि सलाइन आता हात राखून द्यावं लागेल हे ती सांगते.

दुसरी चूक उपचार सांगून प्रतिसाद गाळण्याची. ‘सहाशे मिली दिलं’ एवढ्यावर वाक्य संपलं तर ते लागू पडलं की नाही हे कळत नाही. तिसरी चूक ‘रुग्ण स्थिर आहे’ यावर भागवण्याची. केव्हाच्या नोंदीनुसार स्थिर, हे सांगायला हवं. सात वाजताची नाडी आणि मध्यरात्रीची नाडी यांत या आजारात फार अंतर पडतं.

मांडणी जमली की नाही हे ऐकणाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. ‘किती दिवसांचा ताप?’ किंवा ‘आत्ता बीपी किती?’ असा प्रश्न आला तर माहिती सांगितलीच गेली नाही किंवा ऐकू येईल अशा जागी नव्हती. ‘मग आपण काय करायचं?’ असा प्रश्न आला तर शीर्षकात मागणी नव्हती. ‘सलाइन दीडवर आणायचं का, की दहाचा रिपोर्ट बघून ठरवू?’ असा प्रश्न आला तर केस पोहोचली, कारण चर्चा थेट निर्णयापासून सुरू झाली. बैठकीपूर्वी घड्याळ लावून एकदा मोठ्याने बोलून पाहिलं की अडखळणारी वाक्यंही सापडतात. मनात वाचताना ती सापडत नाहीत.

शेवटची पायरी ऐकणाऱ्याची

संहिता संपल्यावर दिवसपाळीचा डॉक्टर मुख्य मुद्दे स्वतःच्या शब्दांत परत सांगतो: ‘बेड सात, डेंगी शॉक, सुधारतोय. ताशी एकशे ऐंशी चालू. दहाला हिमॅटोक्रिट मी बघणार. पल्स प्रेशर पंचवीसच्या खाली गेलं तर कळवणार.’ याला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि चुकीचा ऐकलेला आकडा इथेच पकडला जातो. अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत आय-पास पद्धत प्रशिक्षणासह लागू केली गेली. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा 30 टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. त्या पद्धतीत ही उजळणी हा पाचवा आणि शेवटचा घटक आहे.

दोन मिनिटांची संहिता केसपेपरची जागा घेत नाही. रात्रभराचे सगळे आकडे, प्रत्येक सलाइनची वेळ आणि गाळलेला इतिहास कागदावरच असायला हवा, कारण निर्णय घेताना वरिष्ठ तो उघडून पाहतात. अनेक अवयव एकाच वेळी निकामी होत असलेला रुग्ण दोन मिनिटांत मावत नाही. त्याचं शीर्षक आणि आजचा सर्वांत तातडीचा प्रश्न बैठकीत सांगून बाकीची चर्चा त्याच्या बेडजवळ करतात. आणि विद्यार्थ्यांना निदानापर्यंत कसं पोहोचायचं हे शिकवण्यासाठी घेतलेल्या केसमध्ये उत्तर मुद्दाम शेवटी ठेवतात. तिथे विद्यार्थ्यांनी विचार करत राहावा हाच हेतू असतो, आणि बेड सातवरच्या रुग्णाचं सलाइन त्या चर्चेच्या निकालासाठी थांबलेलं नसतं.